पर्यायी उपायाचा मुद्दा आधी काढू नका

प्रश्न: सर, मी लातूरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, आमची टीम प्रतिवादी, म्हणजे खासगी संस्थेच्या बाजूने आहे. विनाअनुदानित माध्यमिक शाळेतून एका शिक्षिकेला काढलं. संस्था म्हणते तिने राजीनामा दिला, ती म्हणते कोऱ्या कागदावर सही घेतली. तिने घटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका केली आहे. समोरच्यांच्या रिबटलनंतर, म्हणजे प्रत्युत्तरानंतर, मला उत्तराला तीन मिनिटं आहेत. ते रुदानीचा निकाल आणणार हे नक्की. माझी जोडीदार म्हणते, शाळा न्यायाधिकरणाचा पर्याय आहे एवढंच ठासून सांग. पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही. शिवाय तो मुद्दा सगळ्यात आधी काढलात तर तुमचा मुख्य बचावच ढासळेल.

न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं ते कशामुळे? १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यामुळे, ज्याला आपण सगळे एमईपीएस म्हणतो. त्याच्या कलम ९ मध्ये हे अपील आहे. आता तुमची मुख्य भिस्त कशावर आहे ते बघा. सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा सार्वजनिक कार्य करत असली तरी कर्मचारी आणि संस्था यांच्यातला निव्वळ नोकरीच्या कराराचा वाद रिटमध्ये येत नाही. पण त्याच निकालात एक वाट मोकळी ठेवली आहे. नोकरीच्या अटी कायद्यानेच बांधलेल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तुम्ही उभं राहून पहिल्याच वाक्यात 'एमईपीएसखाली अपील करा' म्हणालात, की न्यायाधीश विचारणार, 'म्हणजे या बाईंच्या नोकरीच्या अटी कायद्याने ठरलेल्या आहेत, हे तुम्हाला मान्य आहे?' हो म्हणालात तर सेंट मेरीज हातातून गेला. नाही म्हणालात तर न्यायाधिकरण गेलं. मी परीक्षक असलेल्या एका मूटमध्ये एक हुशार मुलगा नेमका इथेच अडकला आणि उरलेला सगळा वेळ तो गुंता सोडवण्यात गेला.

म्हणून क्रम बदला. सुरुवातीलाच मान्य करून टाका की कलम २२६ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत आणि शिक्षण देणं हे सार्वजनिक कार्य आहे. संस्था घटनेच्या कलम १२ खाली 'राज्य' नाही, हे सिद्ध करण्यात वेळ घालवू नका. ती 'राज्य' आहे असं ते रिबटलमध्ये म्हणणारच नाहीत, आणि रुदानीनंतर २२६ साठी संस्था 'राज्य' असावीच लागते असंही नाही.

मग थेट रुदानीवर या. १९८९ च्या त्या निकालातलं तत्त्व मोडायला जाऊ नका, वस्तुस्थितीतला फरक दाखवा. तिथे अहमदाबादचं विज्ञान महाविद्यालय एक ट्रस्ट चालवत होता. महाविद्यालय गुजरात विद्यापीठाशी संलग्न होतं, त्याला सरकारी अनुदान होतं, आणि वाद होता प्राध्यापकांच्या थकलेल्या देण्यांचा. विद्यापीठाची इतकी जवळची देखरेख असल्यामुळे तिथली नोकरी सार्वजनिक स्वरूपापासून अगदी अलिप्त म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या शाळेत अनुदानाचा एक पैसा नाही. त्याच निकालात हेही आहे की हक्क निव्वळ खासगी स्वरूपाचे असतील तर परमादेश, म्हणजे कर्तव्य पार पाडायला लावणारा रिट आदेश, मिळत नाही. समोरचे रुदानीचा पहिला अर्धा भाग वाचतील, दुसरा तुम्ही वाचा.

यानंतरचा प्रश्न तीन मिनिटांचा गाभा आहे: ज्या कृतीविरुद्ध तक्रार आहे तिचा शिकवण्याच्या सार्वजनिक कर्तव्याशी थेट संबंध आहे का? एखाद्या विद्यार्थ्याला नियम डावलून परीक्षेला बसू दिलं नाही, तर तो संबंध सरळ दिसतो. राजीनामा खरा की खोटा हा प्रश्न मात्र संस्था आणि एक कर्मचारी यांच्यातला आहे. हे उदाहरण तुम्हीच द्या, न्यायाधीशांनी विचारायची वाट बघू नका.

न्यायाधिकरणाचा मुद्दा यानंतर येईल आणि तोही 'जरी' लावून. असं म्हणा: 'माननीय न्यायालयाला वाटलं की एमईपीएसमुळे इथे सार्वजनिक अंश येतो, तरी ज्या कायद्यातून तो अंश येतो, त्याच कायद्याने त्याची दाद कुठे मागायची तेही ठरवून दिलं आहे. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायचा आणि मागील वेतन द्यायचा आदेश देऊ शकतं.' आता तीच कबुली तुमच्या कामी येते, कारण ती फक्त पर्यायी युक्तिवादापुरती केलेली आहे.

समोरचे लगेच १९९८ चा व्हर्लपूलचा निकाल काढतील. नैसर्गिक न्याय डावलला असेल तर पर्यायी उपाय आड येत नाही, हा त्यांचा मुद्दा असेल. तो बरोबर आहे, नाकारू नका. २०२३ च्या गोदरेज सारा लीच्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या आहेत: याचिका मुळात चालू शकते का, आणि चालू शकत असली तरी न्यायालयाने तिची दखल घ्यावी का. व्हर्लपूलचे अपवाद दुसऱ्या प्रश्नाचे आहेत. जिथे सार्वजनिक अंशच नाही, तिथे ते अपवाद तो निर्माण करू शकत नाहीत. सार्वजनिक अंश मान्य झाला, तरी दखल घ्यायची की नाही हा विवेकाचा भाग आहे. आणि इथे सही कोऱ्या कागदावर घेतली की नाही हे साक्षीपुराव्याशिवाय ठरत नाही, प्रतिज्ञापत्रावर तर नाहीच.

या शेवटच्या मुद्द्याला एक काटा आहे. एमईपीएसच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख टाकायची आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे पाठवायची. तुमच्या प्रश्नातला राजीनामा हातोहात दिलेला असेल आणि न्यायाधीशांनी हे कलम पुढे केलं, तर राजीनामा खराच आहे असा आग्रह धरू नका. 'तो खरा की खोटा हाच वादाचा विषय आहे, आणि तो पुरावा घेणाऱ्या न्यायाधिकरणाने ठरवावा' एवढंच म्हणा. राजीनाम्याच्या खरेपणावर तुमचा मुद्दा उभा राहिला, तर त्या एका पानाबरोबर तुम्हीही पडाल.

समोरच्यांनी रिबटलमध्ये जे काढलं नाही ते तुम्हीही काढू नका. बहुतेक मूटमध्ये तिथेच गुण कापले जातात. ते बोलत असताना कागदाच्या डाव्या बाजूला त्यांचा एकेक मुद्दा आणि उजव्या बाजूला तुमचं एका ओळीचं उत्तर लिहा. रुदानीचं नाव त्यांनी घेतलंच नाही, तर तो परिच्छेद गिळून टाका.

तुमची बाजू सगळीकडे भक्कम नाही, हेही सांगतो. एमईपीएस सेवाशर्तींवर खूप खोलवर नियंत्रण ठेवतो आणि समोरच्यांनी तो धागा नीट धरला तर सार्वजनिक कर्तव्याशी संबंध नाही या मुद्द्यावर तुम्ही अडचणीत याल. म्हणूनच न्यायाधिकरणाचा 'जरी' लावलेला मुद्दा हातात हवा.

आणि मूटच्या बाहेर, उद्या तुमच्याच गावातली एखादी शिक्षिका हीच कहाणी घेऊन आली, तर तिच्यासाठी रिटचा मसुदा करायला बसू नका. आदेश मिळाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत कलम ९ खालचं अपील करायचं असतं. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी कारण दाखवावं लागतं. आधी तिच्या हातात आदेश कधी पडला ते विचारा आणि त्याचा पोस्टाचा लिफाफा जपून ठेवायला सांगा.