रँक तीन आली, म्हणजे नेमकं काय अडलं?

प्रश्न: 'अनकंट्रोलेबल सिस्टीम' म्हणजे हाताबाहेर गेलेली सिस्टीम असं म्हणायचं का? आणि अनऑब्झर्वेबल म्हणजे न दिसणारी? सर म्हणतात मॅट्रिक्सची रँक काढा, चारच्या जागी तीन आली की अनकंट्रोलेबल. पण तीन आली म्हणजे प्रत्यक्षात काय झालं?

उत्तर: 'हाताबाहेर' हा अर्थ आधी डोक्यातून काढून टाका. उलटा पेंड्युलम सोडला की कोसळतो, तरी तो कंट्रोलेबल आहे, आणि एखादी सिस्टीम गपगुमान बसलेली असूनही अनकंट्रोलेबल असू शकते. काल्मननी १९६० च्या सुमारास हे शब्द रूढ केले तेव्हा विचारलं होतं ते एवढंच, की हातात जो इनपुट आहे तो वापरून कुठल्याही स्टेटमधून कुठल्याही स्टेटला ठरावीक वेळात जाता येतं का. ऑब्झर्वेबलचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा: आउटपुट काही वेळ बघत बसलं तर सुरुवातीची स्टेट कोणती होती हे एकच एक ठरतं का.

आता मॅट्रिक्स. b ही इनपुटने थेट ढकललेली दिशा, Ab म्हणजे तोच धक्का सिस्टीमच्या स्वतःच्या चालीतून पुढे जिथे पोचतो ती दिशा, A²b त्याच्याही पुढची, असं चार स्टेट असतील तर A³b पर्यंत (त्यापुढे नवीन काही मिळत नाही, केली-हॅमिल्टन). या दिशा मिळून सगळी जागा व्यापली तर रँक चार. तीन आली तर एका दिशेला तुमचा धक्का कधीच पोचत नाही, कितीही वेळ द्या. पण ती दिशा कोणती हे रँक सांगत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

त्यासाठी वर्तुळाकार कक्षेतला सॅटेलाइट घ्या, पाठ्यपुस्तकातलं जुनंच उदाहरण आहे पण यात प्रत्येक आकड्याला अर्थ आहे. त्रिज्या १ धरा, कोनीय वेग ω. चार स्टेट: त्रिज्येतला फरक x1, त्याचा वेग x2, कोनातला फरक x3, कोनीय वेगातला फरक x4.

```
x1' = x2
x2' = 3ω²·x1 + 2ω·x4 + (radial)
x3' = x4
x4' = -2ω·x2 + (tangential)
```

समजा फक्त रेडियल थ्रस्टर चालू आहे, म्हणजे पृथ्वीकडे किंवा पृथ्वीपासून लांब ढकलणारा. हाताने करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे:

```
b   = (0, 1, 0, 0)
Ab  = (1, 0, 0, -2ω)
A²b = (0, -ω², -2ω, 0)
A³b = (-ω², 0, 0, 2ω³) = -ω²·Ab
```

चौथा कॉलम दुसऱ्याचाच पट निघाला, रँक तीन. आता इथे थांबायचं नाही, या सगळ्यांना काटकोनात असलेली रो शोधायची. ती येते (2ω, 0, 0, 1). म्हणजे 2ω·x1 + x4 ही एक राशी अशी आहे की रेडियल थ्रस्टर काहीही करो, ती बदलत नाही. ओळखीची वाटते का बघा: अँग्युलर मोमेंटम r²θ' चा छोटा फरक काढला की नेमकं हेच येतं! दोरीला दगड बांधून फिरवताना दोरी आत ओढली तर दगड जोरात फिरतो, सैल सोडली तर मंदावतो, पण ओढ केंद्राच्या दिशेने असल्यामुळे अँग्युलर मोमेंटम तेवढंच राहतं. रँक एकाने कमी आली ती याच नियमामुळे. आणि हे लिनिअर मॉडेलचं पाप नाही बरं का, मूळ नॉनलिनिअर समीकरणातही रेडियल बल अँग्युलर मोमेंटम बदलूच शकत नाही. (सगळीकडे असं नसतं, कधी कधी लिनिअर केल्यामुळेच रँक पडते, म्हणून ती रो ओळखायची सवय लावा.)

प्रत्यक्षात काय होतं ते जिओस्टेशनरी सॅटेलाइटवर बघू, त्रिज्या साधारण ४२,१६४ किमी. तो चुकून १ किमी वरच्या वर्तुळात गेला, तर रोज सुमारे ०.०१३ अंश पश्चिमेला सरकत राहील. मधल्या जागेपासून ०.०५ अंशाची मर्यादा दिली असेल तर चार दिवसांत काठावर. टँजेन्शियल थ्रस्टर असेल तर सगळं मिळून सेकंदाला साधारण ३.६ सेंटीमीटरचा वेगबदल, तोही अर्ध्या दिवसाच्या अंतराने दोन भागात, आणि काम संपलं. त्याची मॅट्रिक्स मांडलीत तर रँक चार येते.

फक्त रेडियल थ्रस्टर असेल तर गंमत बघा. सरकणं थांबवता येतच नाही असं नाही! तो मूळ कक्षेच्या २५० मीटर वर आणून ठेवायचा आणि आतल्या बाजूला सतत ढकलत राहायचं, तर तो जागेवर दिसेल. त्वरण अगदी क्षुल्लक, सेकंद-वर्गाला साधारण ०.०००४ सेंटीमीटर, पण वर्षभराचं मिळून सेकंदाला सुमारे १२५ मीटर इतका वेगबदल खर्ची पडतो, आणि थ्रस्टर बंद केला की सरकणं परत चालू, कारण मोमेंटममधली चूक तशीच आहे. नुसती 'जागेवर' ही स्टेट गाठता येते का यावर समाधान मानलं तर हे सुटून जातं, म्हणून चारही स्टेट एकदम शून्यावर आणता येतात का हे विचारायचं. अडकलेली राशी आपोआप विरणारी असती तर एक वेळ चाललं असतं, त्याला स्टॅबिलायझेबल म्हणतात, पण इथे तिची आयगेनव्हॅल्यू शून्य आहे, ती विरतही नाही आणि वाढतही नाही, नुसती बसून राहते.

ऑब्झर्वेबिलिटीत c, cA, cA², cA³ अशा रो एकाखाली एक लावायच्या. फक्त पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर मोजलं, c = (1,0,0,0), तर चारही रोंमध्ये तिसरा कॉलम सगळा शून्य येतो, रँक तीन. हरवला तो x3, म्हणजे कोन. साहजिकच आहे, इथे गुरुत्वाकर्षण सगळ्या बाजूंनी सारखं धरलंय, तर अख्खी कक्षा दहा अंश फिरवून ठेवली तरी अंतराचे आकडे तेच येणार. (जमिनीवरच्या एका स्टेशनपासूनचं अंतर मोजलं तर गोष्ट वेगळी, ते केंद्रावर नसतं.) उलट फक्त कोन मोजला तर रँक चार, कारण त्रिज्या वाढली-घटली की कोनाच्या चालीत ते उमटतं. तेव्हा 'न दिसणारी' म्हणजे सेन्सर लावलेला नाही असं नाही, त्रिज्येवर सेन्सर नसतानाही त्रिज्या कळते.

शेवटी एक खड्डा, ज्यात कॉम्प्युटरवर करणारे हमखास पडतात. रँकऐवजी डिटरमिनंट बघू नका. टँजेन्शियलवाल्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट -12ω⁴ येतो, आणि सेकंदात ω = 7.292e-5 टाकलं की:

```python
import numpy as np
w = 7.292e-5
A = np.array([[0,1,0,0],[3*w*w,0,0,2*w],
              [0,0,0,1],[0,-2*w,0,0]])
b = np.array([0,0,0,1.0])
C = np.column_stack([b, A@b, A@A@b, A@A@A@b])
print(np.linalg.det(C), np.linalg.matrix_rank(C))
```

डिटरमिनंट -3.4e-16 च्या आसपास, बघणारा म्हणणार शून्यच की हे, अनकंट्रोलेबल. रँक मात्र चार. वेळेचं एकक बदलून ω = 1 केलं तर तोच डिटरमिनंट -12 होतो. सॅटेलाइट तोच, थ्रस्टर तोच, फक्त घड्याळ बदललं. म्हणून आधी एककं नीट स्केल करा, मग सिंग्युलर व्हॅल्यू बघा, आणि एखादी शून्याला चिकटलेली दिसली तर तिच्याबरोबरची दिशा काढून ती कुठली भौतिक राशी आहे ते ओळखा. ओळखू आली नाही तर बहुतेक वेळा मॉडेल लिहिण्यातच कुठेतरी चिन्ह चुकलेलं असतं.