गोल्डन रेशो ॲपचे गुण किती खरे?

प्रश्न: ॲपने गोल्डन रेशोवरून माझ्या चेहऱ्याला 10 पैकी 6.2 दिले. बायोडाटाचा फोटो निवडतोय, हे मनावर घ्यावं का?

नका घेऊ, त्या आकड्यात चेहऱ्याइतकाच कॅमेराही मोजला गेलाय. मी नागपूरच्या सीताबर्डीत बायोडाटाचे फोटो काढतो, त्यामुळे हे रोज दिसतं. फोन चेहऱ्याजवळ, साधारण 30 सेंमीवर धरून सेल्फी घेतला की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. 2018 च्या एका गणिती मॉडेलनुसार अशा सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं, दीड मीटरवर हा फरक जवळपास उरत नाही. स्वतःच करून बघा: एक फोटो हाताने, दुसरा मित्राला पाच फुटांवर उभं करून थोडं झूम लावून. दोन्ही त्याच ॲपला द्या. चेहरा तोच, पण मापं बदललेली दिसतील.

शिवाय गोल्डन रेशो, म्हणजे 1.618 हे प्रमाण, हेच सौंदर्याचं माप, याला भक्कम पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ लँगलॉइस आणि रॉगमन यांनी 1990 मध्ये 16 आणि 32 चेहरे संगणकावर एकात मिसळले, तेव्हा लोकांना बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा तो मिश्र, म्हणजे सरासरी चेहरा आवडला. म्हणजे ओढ असते ती आपल्या नजरेला सवयीच्या झालेल्या ठेवणीकडे. मात्र सरासरी म्हणजे सर्वात सुंदर असंही नाही. 1994 च्या प्रयोगात निवडक आकर्षक चेहऱ्यांचं मिश्रण सगळ्यांच्या सरासरीपेक्षा सरस ठरलं. त्यातही माणसामाणसाची आवड बरीच वेगळी निघते, ती एका आकड्यात बसणार कशी?