फॅक्टरी इन्स्पेक्टरची नोटीस: प्लांट मॅनेजरसाठी एका पानाचा गोषवारा

नोटीस चार पानांची आहे. साहेबांना एकच पान हवंय. काय ठेवू, काय गाळू?

निरीक्षण गाळा, आदेश ठेवा. तपासणीत काय दिसलं, कोण हजर होतं, कोणतं कलम का लागतं, हा मजकूर मूळ नोटिशीत राहू द्या. गोषवाऱ्यात फक्त कलमाचा आणि मुद्द्याचा क्रमांक पुरे. 'करावे', 'सादर करावे', 'करू नये' अशा क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा. जितकी क्रियापदं, तितक्या ओळी.

समजा नोटिशीत असं आहे: "पॉवर प्रेस क्र. २ चे पुढील गार्ड बसवावे, इंटरलॉक कार्यान्वित करावा. तोपर्यंत प्रेस चालवू नये." हा मुद्दा एक दिसला तरी ओळी तीन होतात. 'गार्ड बसवणे' एवढंच लिहिलंत तर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे प्रेस बंद ठेवणं, गळून जातं आणि रात्रपाळीत प्रेस चालू होते. म्हणून बंदीची ओळ सर्वांत वर घ्या: "आजपासून बंद, आयसोलेटरला कुलूप आणि टॅग." इंटरलॉकच्या ओळीत काम झाल्याची खूण लिहा: गार्ड उघडं असताना स्ट्रोक बसत नाही. नुसतं 'दुरुस्त केले' हा पुरावा होत नाही.

नोटिशीवर ३ जून तारीख आहे, आमच्याकडे आली ९ जूनला. होइस्टची चाचणी करून दाखला १५ दिवसांत द्यायचाय. कधीपर्यंत?

आधी वाक्य नीट वाचा. 'नोटीस मिळाल्यापासून' असेल तर मिळाल्याचा दिवस सोडून २४ जून येते. 'नोटिशीच्या दिनांकापासून' असेल तर १८ जून. कशापासून ते लिहिलंच नसेल तर १८ धरा आणि इन्स्पेक्टरच्या कार्यालयाला लेखी विचारून घ्या. ९ तारखेचा आवक शिक्का असलेलं पान जपून ठेवा, वाद झालाच तर तेच कामी येईल.

गोषवाऱ्यात '१५ दिवस' लिहू नका, तारीख लिहा. शेजारी आतली तारीखही द्या. दाखला १८ ला पोचायचा असेल तर चाचणी १२ च्या आत उरकलेली बरी, कारण हुक किंवा वायर रोप नापास झाला तर बदलून पुन्हा चाचणी घ्यावी लागते. तपासणारी सक्षम व्यक्ती नेमकी कधी मोकळी आहे, हे आजच फोन करून विचारा. बहुतेक वेळा उशीर तिथेच होतो.

इंटरलॉकचा सुटा भाग मुदतीत येणार नाही. तक्त्यात नवी तारीख टाकू का?

नाही. मुदत वाढवून मिळेपर्यंत जुनीच तारीख राहते. मुदत संपण्याआधी लेखी अर्ज करा. त्यात ऑर्डरची प्रत, पुरवठादाराने दिलेली तारीख आणि तोवर प्रेस कुलूपबंद असल्याचा फोटो जोडा. तक्त्यात शेरा लिहा: "अर्ज दिला, उत्तर बाकी." वाढीव मुदतीचं पत्र हातात आलं की मगच तारीख बदला, आणि जुनी खोडू नका; तिच्यावर एक रेघ मारा म्हणजे ती वाचता येईल.