‘ध्रु.’ दुसऱ्या कडव्यापुढेच का?

प्रश्न : ‘तुकारामगाथेत पहिल्या कडव्यापुढे १ आणि दुसऱ्यापुढे ध्रु. असं छापलेलं असतं. ध्रुपद म्हणजे परत परत म्हणायची ओळ ना? मग शाहू स्मारकला कार्यक्रम ऐकला त्यात गायिका सारखी पहिल्याच ओळीवर का येत होती? छपाईची चूक की गाण्याची?’

दोन्हीकडं चूक नाही. गाथेतली खूण भजनात म्हणणाऱ्यांसाठी आहे, मैफलीची पद्धत वेगळी.

‘सुंदर ते ध्यान’च घ्या. भजनात ‘जय जय रामकृष्ण हरी’ झालं की रूपाचा अभंग म्हणून बहुधा हाच येतो. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं, विटेवरी-कटावरी. हा मोठ्या अभंगाचा साचा. (छंदशास्त्रात असे चार चरण मिळून एक कडवं. भजनी मंडळात मात्र अख्ख्या कडव्यालाच ‘चरण’ म्हणतात, त्यातनं निम्मे घोटाळे होतात.) ‘रूप पाहता लोचनी । सुख झाले वो साजणी’ हा लहान अभंग, आठ-आठ अक्षरांचा.

आता दुसरं कडवं : ‘तुळसीहार गळा कासे पितांबर । आवडे निरंतर हेचि ध्यान.’ काही छापील प्रतींत शेवट ‘तेचि रूप’ असा आहे. ध्रु.ची खूण इथं. नंदवाळच्या दिंडीत किंवा पेठेतल्या एखाद्या भजनी मंडळात कान देऊन ऐका. पुढचा माणूस चरण सांगतो आणि टाळकरी ध्रुपद झेलतात. ‘मकरकुंडले तळपती श्रवणी । कंठी कौस्तुभमणी विराजित’ झालं, की ‘आवडे निरंतर हेचि ध्यान’. पहिल्या कडव्यानं मूर्ती समोर उभी केली, दुसऱ्यानं ती आवडते म्हणून सांगितलं. पुढं कुठलाही दागिना वर्णिला तरी त्यावर ‘हेचि ध्यान’ चपखल बसतं. हरिपाठात हेच दिसतं. सुरुवात ‘देवाचिये द्वारी’नं, पण घोळून म्हणायचं ते दुसरं कडवं, ‘हरि मुखे म्हणा’.

मैफलीत झेलायला मागं टाळकरी नसतात. तिथं गाण्याला मुखडा लागतो, म्हणजे फिरून फिरून समेवर आणून सोडायला सोपी अशी ओळ, आणि श्रोत्यांनाही अभंग पहिल्या ओळीनंच ठाऊक असतो. म्हणून पहिली ओळ मुखडा होते, गाथेतलं ध्रुपद पहिला अंतरा होतं आणि ‘तुका म्हणे’ शेवटचा. हा मांडणीचा बदल चाल लावणारा करतो, कवी नाही. भावगीतात तसं नसतं. तिथं ध्रुपद कवीनंच डोक्यावर लिहिलेलं असतं आणि कडव्याची शेवटची ओळ यमकानं परतीची वाट करून देते. ‘गीतरामायणा’च्या पहिल्या गीताचं ध्रुपद ‘कुश लव रामायण गाती’वर संपतं आणि पहिलं कडवं ‘आरती’वर, तिथून ‘ऐकती’, ‘गाती’वर गायक अलगद येतो. ते चाल लावून गाणारे सुधीर फडके जन्मानं आपल्या कोल्हापूरचे. अभंगात ही सोय नाही. ‘विराजित’चं ‘विटेवरी’शी यमक नाही, त्यामुळं परतीची वाट सुरांनीच बांधावी लागते. उतरती तान, छोटा आलाप किंवा नुसता ठेका, काहीही चालतं.

गाणाऱ्याची खरी परीक्षा मात्र अक्षरांत आहे. ‘तुळसीहार गळा’ मोजा, सात भरतात. ‘आवडे निरंतर’ही सात. अभंगाचा साचा लवचिक असतो, म्हणून भजनी ठेक्यात ‘तुळ’ ही दोन अक्षरं एका मात्रेत आवळतात आणि उलट ‘ठेवोनिया’ची चारच अक्षरं लांबवतात. अर्थ बिघडतो तो थांबायची जागा चुकली की. ‘कर कटावरी’वर आलाप घेऊन ‘ठेवोनिया’ न म्हणताच मुखड्यावर उडी मारली, तर हात कमरेवर काय करतायत ते कळतच नाही. ‘कौस्तुभ’वर दम तोडून ‘मणी विराजित’ म्हटलं की मणी वेगळाच होतो. एक सोपी चाचणी : गायक जिथं थांबतो तिथंच थांबून ओळ नुसती वाचा. वाचताना अडखळला, तर ती जागा चुकलीच.

शेवटच्या कडव्याला मला भजनाची पद्धत जास्त पटते. ‘तुका म्हणे माझे हेचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीने’नंतर ‘आवडे निरंतर’ आलं की ‘आवडीने’चा धागा जुळतो आणि ‘हेचि’ला ‘हेचि’ भेटतं. ‘सुंदर ते ध्यान’वर परत गेलं तर पुन्हा ‘ते’ येतं, म्हणजे जवळ आलेलं ध्यान जरा लांब जातं.

राहिला लेखनाचा मुद्दा. मूळ शब्द ध्रुवपद, त्याचं ध्रुपद. ‘धृपद’ सर्रास लिहितात, पण त्यात ‘ध्रुव’चा ‘ध्रु’ हरवतो. गाथेतही खूण ‘ध्रु.’ अशीच आहे.