हजाराचा पुट 880 ला: धोका नसलेला नफा?

प्रश्न : मुलगा टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. त्यानेच मला दाखवलं की निफ्टी 24,000 वर असताना महिन्याभराने संपणारा 25,000 चा पुट, म्हणजे त्या दिवशी निफ्टी 25,000 ला विकायचा हक्क, 880 ला मिळतोय. म्हणजे हजाराची वस्तू 880 ला, धोका शून्य. मी पीएफमधून आठ लाख काढून द्यायला तयार आहे. पण आता तोच कचरतोय. म्हणतो, फ्युचर, म्हणजे महिन्याभराने निफ्टी घ्यायचा आजच ठरलेला सौदा, 24,130 ला आहे, काहीतरी चुकतंय. त्याला एम.एस्सी.चंच वेड. हा भित्रेपणा कसा घालवावा? – एक वडील

उत्तर : तुमचा मुलगा भित्रा नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य त्याचं आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत याची मला काळजी वाटते. एकविशीच्या मुलाच्या हातात बापाची आयुष्यभराची पुंजी ठेवायची आणि वर ‘घाबरू नकोस’ म्हणायचं, हे प्रोत्साहन नव्हे. पैसे बुडाले तर ते ओझं तो किती वर्षं वाहील, याचा विचार केलात का?

आता त्याची शंका. ऑप्शन आज वापरला तर जे हाती येईल ती त्याची इंट्रिन्सिक व्हॅल्यू, तुमचे ‘हजार’. तिच्या खाली ऑप्शनचा भाव टिकत नाही, हा नियम खरा आहे. पण ऑप्शन आज, आत्ता वापरता येत असेल तरच. अमेरिकेत शेअरवरचे ऑप्शन तसे असतात. शेअर 130 ला, 100 चा कॉल 25 ला मिळाला, तर कॉल घ्यायचा, लगेच वापरून 100 ला शेअर उचलायचा आणि 130 ला विकायचा. खर्च 125, हातात 130. हे पाच डॉलर कोणीही सोडत नाही. सगळे तो कॉल घ्यायला धावतात आणि भाव 30 च्या वर जातो.

निफ्टीचा ऑप्शन युरोपियन पद्धतीचा आहे, तो फक्त एक्स्पायरीलाच वापरता येतो. तुमचे ‘हजार’ आज मागायची सोयच नाही. महिनाभर थांबायचं आणि तोवर निफ्टी वर जाण्याची जोखीम स्वतःच घ्यायची. नुसता पुट घेऊन बसलात आणि एक्स्पायरीला निफ्टी 24,300 झाला, तर 700 मिळतील, 180 गेले. हा धोका काढायचा तर सोबत निफ्टीही विकत घ्यावा लागतो. तो दोन वाटांनी घेऊन पाहा.

फ्युचर 24,130 ला घेतला, तर पुटमुळे तो 25,000 च्या खाली विकावा लागणार नाही. म्हणजे एक्स्पायरीला किमान 870 सुटतात, आणि पुटला मोजले 880. निफ्टी 25,000 च्या वर गेला नाही, तर दहा पॉइंट खिशातून जातात, दलाली आणि कर वेगळे. दुसरी वाट, निफ्टीचा ईटीएफ, म्हणजे निफ्टीबरोबर चालणारा फंड. 24,000 अधिक 880 असे 24,880 गुंतवा, महिन्याने किमान 25,000 नक्की. वाढ 120, महिन्याला अर्धा टक्काही नाही. वर्षाचे पावणेसहा-सहा टक्के. ज्याला तुम्ही सवलत समजलात ते अडकलेल्या पैशाचं व्याज आहे, बँकेतल्या ठेवीइतकंच.

म्हणून अशा पुटची खरी तळरेषा निफ्टीच्या आजच्या भावावरून नाही, फ्युचरवरून काढतात: 25,000 वजा 24,130, म्हणजे 870, आणि त्यातून महिन्याचं व्याज वजा केलं की साधारण 865. पुट खरोखर 800 ला मिळाला असता, तर फ्युचर घेऊन 865 पर्यंतचे पॉइंट बिनधोक सुटले असते. मुलाची नजर नेमकी फ्युचरवर गेली. हे त्याला कोणी शिकवलेलं नसेल, तर मला त्याचं फार कौतुक आहे.

स्क्रीनवर कधी 800 दिसेलही. तेव्हा तो बहुधा शेवटच्या सौद्याचा जुना भाव असतो, कारण बाजारभावापासून इतक्या दूरच्या पुटमध्ये अनेकदा तासन्‌तास सौदे होत नाहीत. मार्केट डेप्थ, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या बोलींची यादी, उघडा. विकणारा 905 मागत असेल. आणि खरोखर 800 ला विकणारा आलाच, तर मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांची यंत्रं तुमचं बोट माउसवर पडायच्या आत तो उचलतात. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला दिसला.

तेव्हा आठ लाख पीएफमध्येच राहू द्या. एम.एस्सी.साठी त्याने जॅम या प्रवेशपरीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यावा. ऑप्शनचे भाव ठरवणं, जोखीम मोजणं हे पूर्णवेळ नोकरीचं काम आहे. ट्रेडिंग कंपन्या आणि बँकांचे रिस्क विभाग त्यासाठी संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग येणारी मुलं घेतात. तोवर त्याने रोज एक रुपयाही न लावता अशा पुटची घेणाऱ्याची-विकणाऱ्याची बोली आणि त्याच क्षणाचा फ्युचर वहीत लिहावा, तळरेषा काढावी आणि भाव तिच्या किती वर आहे ते पाहावं. वही भरली की ती घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. त्याला एकट्यालाच.