किल्ली परत आली, पण कुलूप कोणतं?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचा आंब्याचा छोटा कॅनिंग कारखाना आहे. अकाउंट्स आणि डिस्पॅच बघणारे काका १९ वर्षांनी ३० जूनला नोकरी सोडून मुलाकडे ठाण्याला चालले आहेत. त्यांच्याकडे लॅपटॉप, गेटचं कार्ड, गोदामाच्या किल्ल्या आणि कंपनीचा मोबाइल आहे. दिलेल्या वस्तूंची यादी आम्ही कधी केलीच नाही. काय काय, कसं परत घ्यावं? सगळं मिळेपर्यंत शेवटचा पगार थांबवला तर चालेल का?

उत्तर:

पगाराचं आधी सांगतो. तो थांबवू नका. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं, असं तिच्यात आहे. हरवलेल्या वस्तूपोटी कपात करता येते, पण ती वस्तू त्यांच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी लागते, नुकसान थेट त्यांच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कपातीआधी त्यांची बाजू ऐकून घ्यावी लागते. तुमच्याकडे सोपवल्याचा कागदच नाही. म्हणजे पगार अडवून पदरात काही पडणार नाही आणि १९ वर्षं सीझन सांभाळलेला माणूस नाराज होऊन जाईल, ते वेगळंच. काकांचं सहकार्य लागणार आहे, आणि ते ३० जूनपर्यंतच सहज मिळेल.

म्हणून निदान दहा दिवस आधी त्यांच्याशेजारी बसा आणि यादी त्यांच्याकडूनच तयार करून घ्या. एवढ्या वर्षांत आपल्याकडे काय काय साठलं ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मग ती यादी जुन्या खरेदीच्या बिलांशी आणि मोबाइलच्या बिलाशी ताडून पाहा. लॅपटॉपच्या बिलावर बहुतेक वेळा सिरियल नंबर असतो. खालचं स्टिकर पुसलं गेलं असेल तर पॉवरशेलमध्ये हे टाका, नंबर समोर येईल:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

आता खरं काम. वस्तू टेबलावर आली म्हणजे ती परत आली, असं धरू नका. ती काकांच्या हाताशिवाय चालते का, हे काकांच्या समोर तपासा. मी दोनदा फसलो आहे, एकदा किल्ल्यांत आणि एकदा लॅपटॉपमध्ये. दोन्ही सविस्तर सांगतो.

मासळी गोठवणाऱ्या एका युनिटमध्ये मी अ‍ॅडमिन बघायचो. गणपतीच्या तोंडावर स्टोअरकीपर सोडून गेला. त्याने जुडगा दिला, मी किल्ल्या मोजल्या, १४ भरल्या, फॉर्मवर ‘१४ किल्ल्या मिळाल्या’ असं लिहिलं आणि सही केली. आठवड्याने बर्फखान्यामागच्या खोलीचं कुलूप उघडेना. तेव्हा सगळा जुडगा घेऊन फिरलो. १४ पैकी ९ किल्ल्या चालल्या. बाकीच्या पाच कधीच गंजून टाकून दिलेल्या कुलपांच्या निघाल्या. आणि वापरात असलेल्या दोन कुलपांच्या किल्ल्या जुडग्यात नव्हत्याच, त्या त्याच्या घरी खुंटीला होत्या. त्याने लबाडी केली नव्हती. खाऱ्या हवेत शटरची कुलपं दोन-तीन पावसाळ्यांत धरतात, आपण ती बदलतो, नवी किल्ली ज्याच्या हातात येते त्याच्याकडे राहते आणि जुनी जुडग्यातून काढायची कोणाला आठवण होत नाही.

तेव्हा किल्ल्या मोजू नका, कुलपं मोजा. काकांना घेऊन गेटपासून सुरुवात करा आणि प्रत्येक कुलूप त्यांच्याच किल्लीने उघडून बंद करून बघा. गोदाम, पल्पच्या डब्यांची खोली, लेबलांचं कपाट, कॅशचा ड्रॉवर, जनरेटरची खोली, मीटरची पेटी, काही सोडू नका. प्रत्येक चालणाऱ्या किल्लीला तिथल्या तिथे प्लास्टिकचा बिल्ला लावा. न चालणाऱ्या किल्ल्या वेगळ्या पिशवीत घालून यादीत ‘कुलूप सापडले नाही’ असं लिहा. मग सरळ विचारा, ‘काका, याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?’ एखादा वॉचमन, एखादा टेम्पोवाला, अशी नावं निघतातच. जिथे रोख किंवा तयार माल असतो ती दोन-तीन कुलपं मी किल्ली मिळाली तरी बदलतो. हा संशय नव्हे. १९ वर्षांत डुप्लिकेट किती निघाल्या हे काकांनाही सांगता येणार नाही, आणि पुढे काही गेलं तर त्यांच्यावर बोट येऊ नये हाही हेतू असतो. त्यांना तसंच सांगा, पटतं.

लॅपटॉपची फसवणूक जास्त चिवट होती. लॅपटॉप आला, चालू झाला, पासवर्ड मिळाला, मी खूश. पाच महिन्यांनी मदरबोर्ड गेला. किनाऱ्यावर हे नवीन नाही, दमट खारी हवा आत जाते आणि बोर्डावर हिरवट थर धरतो. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलला, आणि सुरू करताच निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली. डिस्कवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन होतं. त्याची चावी बोर्डावरच्या चिपशी जोडलेली असते, बोर्ड बदलला की ती चिप बदलते आणि डिस्क उघडत नाही. ते एन्क्रिप्शन आम्ही कोणी मुद्दाम लावलं नव्हतं. आजच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते आपोआप सुरू होतं आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. खातं होतं सोडून गेलेल्या मुलाचं, खासगी, आणि मुलगा आखातात. त्याने रात्री फोनवर ४८ आकडे वाचून दाखवले म्हणून वर्षाचा डिस्पॅच वाचला. त्याने फोन उचलला नसता तर तो डेटा काढायला दुसरा मार्ग नव्हता.

हे तुमच्याकडे पाच मिनिटांत टळतं. काका समोर असताना कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे चालवा:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिल्या ओळीने डिस्क एन्क्रिप्टेड आहे का ते कळतं. असेल तर दुसरी ओळ `Numerical Password` या मथळ्याखाली एक आयडी आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट दाखवते. आयडी आणि ४८ आकडे दोन्ही उतरवून घ्या, कारण निळ्या पडद्यावर आयडीच दिसतो आणि कोणती की कोणत्या मशीनची ते त्यावरून जुळवता येतं. हा कागद त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि तळमजल्याच्या कपाटातही नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात तळमजल्यावरचं आमचं अख्खं अ‍ॅसेट रजिस्टर गेलं. तेव्हापासून असे कागद मी वरच्या मजल्यावर ठेवतो आणि एक प्रत मालकांच्या घरी.

की हातात आली की लॅपटॉपवर कंपनीचं वेगळं अ‍ॅडमिन खातं तयार करा, मशीन रीस्टार्ट करून त्या खात्याने आत जाऊन बघा, आणि मगच काकांना त्यांचं खासगी खातं आणि जीमेल काढू द्या. क्रम उलटा झाला तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. त्यांचे घरचे फोटो, पॅनचं स्कॅन असं काही असेल तर ते त्यांनाच पेन ड्राइव्हवर घेऊ द्या, आणि कंपनीच्या फाइल्स दोघांनी मिळून दुसरीकडे कॉपी करा. टॅली वापरत असाल तर डेटाचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून कंपनी उघडा, शेवटची चार-पाच व्हाउचर दिसतात का बघा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावलेला असेल तर तो तुम्ही स्वतः टाइप करा, काकांना टाकू देऊ नका. तो हरवला तर परत काढता येत नाही. लॅपटॉप लगेच फॉरमॅट करू नका, निदान या वर्षाचं ऑडिट होऊ द्या.

मोबाइलमध्ये हँडसेटपेक्षा नंबर महत्त्वाचा. सिम कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा, काकांच्या नावावर असेल तर बदलायला वेळ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टप्प्यांचा पिन असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर मुंबईचे व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाले ज्या नंबरवर बोलतात तोच पुढे अडेल. जीएसटी पोर्टलवर आणि बँकेत ओटीपी कोणत्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतो तेही बघा. काकांचा नंबर निघाला तर ते इथे असतानाच बदला. लॉगिन हातातून गेल्यावर तुमच्या भागातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन खेपा घालाव्या लागतात. मालकांच्या डिजिटल सहीचं टोकन काकांच्या ड्रॉवरमध्ये असेल, बहुतेक ठिकाणी असतंच, तर ते घ्या आणि त्याचा पिन मालकांनी स्वतः बदलावा.

गेटचं कार्ड हातात घेण्यापेक्षा त्याचा नंबर यंत्रातून बंद करणं खरं. साध्या कार्डात फक्त एक ठरलेला नंबर असतो आणि त्याची नक्कल सहज होते. बंद केल्यावर ते कार्ड गेटला लावून बघा, दार उघडता कामा नये. हजेरीच्या यंत्राकडे मात्र नीट लक्ष द्या. लहान कारखान्यात ते बसवलं तेव्हा अकाउंट्सवाल्याचंच बोट अ‍ॅडमिन म्हणून नोंदवलेलं असतं. मग मेनू दाबला की यंत्र त्याच बोटाची वाट बघतं. आधी काकांच्या बोटाने मेनू उघडून तुमचं किंवा मालकांचं बोट अ‍ॅडमिन म्हणून नोंदवा, हजेरीचा जुना डेटा उतरवून घ्या, आणि त्यानंतर काकांची नोंद काढा. त्यांचा कर्मचारी क्रमांक नव्या माणसाला देऊ नका, दोघांची हजेरी एकात एक मिसळते.

हे सगळं एका पानावर मावतं. वस्तू, तिचा नंबर, कशा अवस्थेत मिळाली, आणि कोणी चालवून पाहिली, एवढे चार रकाने करा. लॅपटॉपची बिजागरी सैल असेल, चार्जरची वायर चिकटपट्टीने बांधलेली असेल तर तसं लिहा. वापराने झालेली झीज ही नुकसानी नाही, तिचे पैसे मागू नका. दोन प्रती काढा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत काकांना द्या. पुढे कोणी ‘ती किल्ली त्यांच्याकडेच होती’ म्हणालं तर तो कागद त्यांच्या हातात असायला हवा.

त्याच दिवशी रिलीव्हिंग लेटर द्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख तुम्हीच भरा. ती राहिली तर त्यांना स्वतः भरण्यासाठी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत द्यायची असते, १९ वर्षांची रक्कम मोठी होईल, तेव्हा मालकांना आत्ताच आकडा काढून दाखवा. आणि कुलपांची फेरी २९ किंवा ३० तारखेवर ढकलू नका. जूनअखेरीस पाऊस धरला की वीज जाते, आणि टॉर्च धरून गंजलेली कुलपं उघडत बसायची वेळ येते.