वायदा चढा, हजर चढा : ‘कॉन्टॅन्गो’ आणि ‘बॅकवर्डेशन’

प्रश्न : ‘कॉन्टॅन्गो’ आणि ‘बॅकवर्डेशन’ हे शब्द वायदे बाजाराच्या बातम्यांत सारखे येतात. त्यांना मराठीत काय म्हणावं? आणि वायद्याचा भाव आजच्या भावापेक्षा वेगळा का असतो? पुढे तेजी येणार असं बाजाराला वाटतं म्हणून का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं. नाही, बहुतेक वेळा त्यामुळे नाही. हा गैरसमज शब्दांमुळेच पसरतो, म्हणून शब्दांपासून सुरुवात करू.

दोन्ही शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या शेअरबाजारात रुळलेले आहेत. तेव्हा त्यांचा अर्थ ‘भावाची स्थिती’ असा नव्हता. ती आकारणी होती. घेतलेल्या शेअर्सचे पैसे हिशेबाच्या दिवशी देणं जमत नसेल, तर खरेदीदार सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायचा आणि त्यासाठी विकणाऱ्याला जे द्यायचा तो कॉन्टॅन्गो. उलट विकणाऱ्याकडेच द्यायला शेअर नसतील, तर मुदतवाढीसाठी तो खरेदीदाराला जे द्यायचा ते बॅकवर्डेशन. ‘कॉन्टॅन्गो’ हा ‘चालू ठेवणे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश असावा, असा अंदाज कोशकार करतात. टँगो नाचाशी त्याचा संबंध नाही.

मुंबईला हा प्रकार परका नव्हता. इथल्या शेअरबाजारात तोच व्यवहार ‘बदला’ नावाने चालायचा. पैसे कमी पडलेला खरेदीदार बदला देऊन सौदा पुढच्या हिशेबात न्यायचा; तो सीधा बदला. शेअरची टंचाई असली की विकणाराच पैसे मोजायचा. तो उंधा बदला. ‘उंधा’ म्हणजे गुजरातीत उलटा. २ जुलै २००१ पासून बदल्याची पद्धत बंद झाली आणि शब्दही मागे पडले. पण कॉन्टॅन्गो आणि बॅकवर्डेशनचा मूळ अर्थ सांगायला सीधा आणि उंधा बदला यांच्याइतके नेमके शब्द आपल्याकडे दुसरे नाहीत.

आज अर्थ सरकला आहे. आता हे शब्द एकाच क्षणी दिसणाऱ्या भावांच्या रांगेबद्दल बोलतात. जवळच्या महिन्यापेक्षा लांबच्या महिन्याचा वायदा महाग असला की कॉन्टॅन्गो, स्वस्त असला की बॅकवर्डेशन. इथे मराठीत एक काळजी घ्यायला हवी. काही ठिकाणी ‘चढता वायदा’, ‘उतरता वायदा’ असं लिहिलेलं दिसतं. ‘चढता’ म्हटलं की हालचाल डोळ्यांपुढे येते : काल कमी होता, आज वाढला. ‘चढा’ म्हटलं की स्थिती कळते : दुसऱ्यापेक्षा वर आहे. म्हणून माझी पसंती कॉन्टॅन्गोला ‘वायदा चढा’ आणि बॅकवर्डेशनला ‘हजर चढा’ या जोडीला. हजर म्हणजे लगेच मिळणाऱ्या मालाचा आजचा भाव. तेजी-मंदी हे शब्द तर इथे वापरूच नयेत. भाव रोज पडत असतानाही वायदा हजरपेक्षा चढा असू शकतो.

आता फरक का पडतो ते हळदीवर पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. आज गोदामातल्या हळदीचा भाव क्विंटलला १४,००० रुपये आहे. तीच हळद तीन महिन्यांनी द्यायची, तर आज घेऊन ठेवावी लागेल. १४,००० रुपये तीन महिने अडकले. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ४२० रुपये झाले. गोदामभाडं आणि विमा मिळून ६० धरू. माल सुकतो, वजन घटतं. एक टक्का घट म्हणजे १४०. एकूण ६२०. तेव्हा तीन महिन्यांनंतरची हळद १४,६२० रुपयांना विकली गेली, तर ठेवणाऱ्याचा जेमतेम खर्च निघतो. हा ६२० चा फरक म्हणजे माल सांभाळण्याचा खर्च. त्यात कुणाचं भाकीत नाही.

वायदा १५,००० झाला तर काय होईल? ज्याच्याकडे पैसा आणि गोदाम आहे तो आज हजरमध्ये हळद घेईल, त्याच वेळी वायदा विकून ठेवेल आणि मुदतीला माल देऊन मोकळा होईल. भाव कुठेही जावो, क्विंटलमागे ३८० रुपये आजच पक्के झाले. त्यातून तपासणी, हमाली आणि दलाली वजा करायची, इतकंच. असे चार जण उतरले की हजर वर सरकतो, वायदा खाली येतो आणि फरक पुन्हा खर्चाजवळ येऊन बसतो. म्हणजे वायदा किती चढा राहू शकतो याला छत आहे, आणि ते छत सांभाळण्याच्या खर्चाचं आहे.

उलट्या बाजूला असं छत नाही, आणि या विषयातली सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. आजचा माल पुढच्या महिन्यात नेता येतो. पुढच्या महिन्यातला माल आज आणता येत नाही. मसाल्याच्या कारखान्यात हळद संपत आली असेल, तर तीन महिन्यांनी स्वस्त मिळणारी हळद त्याच्या उपयोगाची नाही. गिरणी बंद ठेवण्यापेक्षा तो आज जास्त मोजतो. माल हाताशी असण्याचीच ही किंमत असते आणि टंचाई वाढेल तशी ती कितीही वाढू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजच्या गोदामांत उचलता येण्याजोगं तांबं १५ हजार टनांच्या आत आलं, तेव्हा लगेच मिळणारं तांबं तीन महिन्यांच्या वायद्यापेक्षा टनामागे १,००० डॉलरहून अधिक महाग झालं होतं. तीन महिन्यांनी तांबं कोसळणार, असा त्याचा अर्थ नव्हता. आत्ता तांबं नाही, इतकंच तो फरक सांगत होता.

शेतमालात याला हंगामाची जोड असते. सांगलीकडे नवी हळद साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते. डिसेंबरमधला हजर भाव हा जुन्या, उरलेल्या मालाचा, आणि मे महिन्याचा वायदा नव्या पिकाचा. नवं पीक भरपूर येणार असेल तर जुना माल मेपर्यंत कुणी मुद्दाम धरून ठेवणार नाही. त्यामुळे मेचा वायदा खाली असणं स्वाभाविक आहे. सांभाळण्याच्या खर्चाचा वरचा हिशेब एकाच पिकाच्या दोन महिन्यांना लावायचा. मधे काढणी आली की तो तुटतो.

तुलना करताना आणखी एक चूक वारंवार होते. हळदीचा वायदा निझामाबादच्या मालावर बेतलेला असतो. शेजारी सांगलीच्या राजापुरी हळदीचा हजर भाव ठेवून ‘वायदा चढा आहे’ किंवा ‘हजर चढा आहे’ असं म्हटलं, तर आपण दोन महिन्यांचा फरक मोजलेला नसतो. त्यात गावाचा आणि प्रतीचा फरक मिसळलेला असतो. म्हणून शक्यतो एकाच मालाचे दोन वायदे ताडून पाहावेत, जवळचा आणि लांबचा. त्यातही अगदी शेवटच्या दिवसांतला जवळचा वायदा टाळावा, कारण तिथे उलाढाल आटलेली असते.

मग छत कधीच मोडत नाही का? गोदाम मिळतं आहे तोवर नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि त्याच दिवशी जूनचा होता २०.४३ डॉलर. फरक ५८ डॉलरांचा. नेहमीच्या दिवसांत महिनाभर तेल ठेवण्याचा खर्च पिंपामागे साधारण डॉलरच्या आत असतो. झालं असं की मेचा वायदा दुसऱ्याच दिवशी संपत होता. तो हातात राहिला तर एका वायद्यामागे १,००० पिंपं ओक्लाहोमातल्या कुशिंगला स्वतः उचलावी लागणार होती. कुशिंगच्या टाक्यांत अजून थोडी जागा दिसत होती, पण ती आधीच भाड्याने गेलेली होती. टाकीच मिळत नाही म्हटल्यावर स्वस्त घेऊन ठेवणारा उरला नाही, आणि वायदाधारक तेल न घेण्यासाठी पैसे देऊ लागले. आपल्याकडच्या एमसीएक्स या वायदे बाजारातला एप्रिलचा वायदा त्याच अमेरिकी भावाला बांधलेला असल्यामुळे उणे २,८८४ रुपयांवर मिटवला गेला. टाळेबंदीमुळे इथला बाजार संध्याकाळी पाचला बंद होत होता. तिकडचा भाव कोसळला तेव्हा इथल्या खरेदीदारांना बाहेर पडायला वाटच नव्हती.

वरच्या जूनच्या भावालाही कुणी भाकीत समजू नये. दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, जूनचा वायदा ११.५७ डॉलरवर आला.

वायदा घेऊन बसणाऱ्यासाठी या सगळ्याचा अर्थ रोकडा आहे. आपल्या उदाहरणातली हळद तुम्ही वायद्यात १४,६२० ला घेतली आणि तीन महिने हजर भाव १४,००० वरच थांबला, तर मुदत संपताना वायदा हजरला येऊन मिळतो आणि तुमचे ६२० जातात. बाजार पडला नाही तरी तोटा झाला. पुढच्या महिन्याचा वायदा पुन्हा चढ्या भावाने घेत राहिलात, तर तो पुन्हा पुन्हा होतो. हजर चढा असताना हेच गणित खरेदीदाराच्या बाजूने फिरतं. गोदामात माल ठेवणारा जो खर्च उघड भरतो, तोच वायद्याचा खरेदीदार भावातून भरत असतो. जुन्या बदल्याची आठवण इथे येते : सौदा पुढे ढकलायचा तर मोल द्यावं लागतं. आकारणी गेली, पण ती भावात मुरून राहिली.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘नॉर्मल बॅकवर्डेशन’ दिसलं तर थोडं थांबावं. हा अर्थशास्त्रज्ञ केन्सचा शब्दप्रयोग आहे आणि त्यात तुलना आजच्या हजर भावाशी नाही. मुदतीच्या वेळी जो हजर भाव अपेक्षित आहे, त्याच्यापेक्षा आजचा वायदा खाली असतो, असं त्याचं म्हणणं. भावाची जोखीम दुसऱ्यावर टाकू पाहणारा उत्पादक थोडं कमी घ्यायला तयार होतो, हे त्यामागचं कारण. अपेक्षित भाव पडद्यावर दिसत नाही, म्हणून बातमीतल्या बॅकवर्डेशनला हा अर्थ लावता येत नाही. आणि केन्सच्या शब्दप्रयोगाला ‘हजर चढा’ हे भाषांतरही चालणार नाही.

बातमीत लिहायचं झालं तर ‘तांबे बॅकवर्डेशनमध्ये घसरले’ हे वाक्य टाळावं. वाचणाऱ्याला वाटतं, तांब्याचा भाव घसरला. ‘तांब्यात हजर चढा, तीन महिन्यांचा वायदा टनामागे अमुक डॉलरने खाली’ असं लिहिलं, तर कशाची तुलना कशाशी आणि किती, हे तिथल्या तिथे कळतं.